कामाचा नमुना सोबत जोडला आहे

नळदुर्गात शिवरंजनीला ओळखणारी माणसं थोडी, आणि तीही दोन प्रकारची. एक प्रकार तिला 'टायपिंगवाली' म्हणतो. दुसरा म्हणतो, 'सिद्धम्माची ती पोरगी, लग्न न झालेली.' ती भाषांतर करते, चौदा वर्षं झाली, पोटापुरतं मिळवते आणि काम चोख करते, हे सांगणारा तिसरा प्रकार गावात असायला हवा होता. तो नव्हता.

यात गावाचा फारसा दोष नाही. भाषांतराचं काम दिसत नाही. शिवणकाम करणारीच्या दारात निदान मशीनचा आवाज येतो. ही बाई खिडकीशी लॅपटॉप उघडून बसलेली असते आणि बाहेरून बघणाऱ्याला ती पडद्याकडं बघत बसलीय एवढंच दिसतं. पुण्याची एक एजन्सी तिला काम पाठवायची. विम्याची पत्रकं, कंपन्यांचे करार, औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवतात त्या कागदावरचा मजकूर, बँकांचे अर्ज. इंग्रजीतून मराठी, मराठीतून हिंदी, हिंदीतून परत इंग्रजी. 'गोळी जेवणानंतर घ्यावी, चावू नये' हे वाक्य तिनं किती औषधांसाठी लिहिलं असेल त्याची मोजदाद नाही. कुणीतरी कुठंतरी ते वाचून गोळी न चावता गिळत असेल. त्या कागदावर तिचं नाव नसायचं, आणि ते कुठं असावं असं तिनंही कधी म्हटलं नाही.

तिची आई होती तोवर ते खुपलं नाही. सिद्धम्माला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण आकडे येत होते. काम झालं की मायलेकी समोरासमोर बसायच्या. आई मूळ कागदावरचे आकडे मोठ्यानं म्हणायची, तारखा, वयं, क्रमांक, आणि शिवरंजनी भाषांतरावर बोट ठेवून 'हं, हं' करत जायची. भाषांतरात शब्द चुकला तर माणूस सांभाळून घेतो, आकडा चुकला तर कागद परत येतो. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून शिवरंजनी मूळ कागद स्वतःच वाचून फोनमध्ये रेकॉर्ड करते आणि मग तो आवाज लावून भाषांतर तपासते. स्वतःच्याच आवाजाला 'हं' म्हणायची सवय लागायला तिला बरेच दिवस लागले.

आणखी एक गोष्ट आईबरोबर गेली. घरातलं कानडी. मायलेकी आपसात कानडीत बोलायच्या. मराठी, हिंदी, इंग्रजी या तिन्ही भाषांवर शिवरंजनीचं पोट, पण भूक लागली हे ती ज्या भाषेत म्हणायची ती चौथीच. ती तिला बोलता येते, वाचता-लिहिता येत नाही, त्यामुळे तिचं काम मिळत नाही. आणि आता घरात दुसरं कुणी नसल्यानं ती बोलायचीही राहून गेली.

मग एजन्सीचं काम आटलं. आधी मशीननं भाषांतर करायचं आणि हिनं ते दुरुस्त करायचं असं ठरलं. मशीन कागदभर छान लिहायचं आणि मधेच एखाद्या बाईला 'तो' करून टाकायचं. शिवरंजनी मुकाट्यानं बायकांना बायका करत राहिली. पुढं दुरुस्तीही येईना. शेवटी एक दोन ओळींची मेल आली की सध्या मराठीचं काम नाही, असेल तेव्हा कळवू. चौदा वर्षांचा निरोप दोन ओळींत आटोपला होता. तिनं सवयीनं त्या ओळी मनात हिंदीत करून बघितल्या, तिथंही त्या दोनच झाल्या.

तेव्हा तिनं ठरवलं, आता आपलं काम आपणच मागायचं. गावात, तालुक्यात, जिल्ह्यात. लोकांना दाखले लागतात, प्रतिज्ञापत्रं लागतात, परदेशी निघालेल्या पोरांना गुणपत्रिका आणि जन्माचे दाखले इंग्रजीत लागतात. व्हॉट्सॲपवर आणि फेसबुकवर एक जाहिरात टाकायची. चित्र साधं, खाली कॅप्शन.

कॅप्शन लिहायला तिला चार दिवस लागले. चाळीस पानांचा करार दोन दिवसांत या भाषेतून त्या भाषेत नेणारी बाई सात-आठ ओळींपाशी अडली. दुसऱ्याच्या बढाया तिनं तिन्ही भाषांत आयुष्यभर लिहिल्या होत्या. 'आमची सेवा सर्वोत्तम' हे वाक्य तिच्या हाताखालून शंभरदा गेलं असेल. स्वतःबद्दल लिहायची वेळ आली तेव्हा मात्र तिचं पहिलं वाक्य झालं, 'तमाम नागरिकांस कळविण्यात येते की.'

ते घेऊन ती नंदीशकडं गेली. नंदीशचं एसटी स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान, वय पस्तिशीचं, तोंड सतत चालू. गावातल्या निम्म्या व्हॉट्सॲप ग्रुपांचा तोच ॲडमिन.

"मॅडम, हे कॅप्शन हाय का कोर्टाची नोटीस?" तो म्हणाला. "हे वाचून लोक वकील गाठतील, तुमच्याकडं कशाला येतील?"

"मग काय लिहू?"

"काय काम करता, किती येळात देता, आन् केलेलं काम कसं दिसतं. बास. लोकांना एवढंच पायजे. आन् नमुना टाका. नमुना बघितल्याबिगर गिऱ्हाईक हात लावत न्हाय."

घरी येऊन तिनं नोटीस फाडली आणि नव्यानं लिहिलं.

*कागदपत्रांचे भाषांतर. मराठी, हिंदी, इंग्रजी. तिन्हींतून तिन्हींत.*
*जन्म-मृत्यूचे दाखले, शाळेचे दाखले, गुणपत्रिका, प्रतिज्ञापत्रे, खरेदीखते, मृत्युपत्रे, सातबारा.*
*दोन पानांपर्यंत चोवीस तासांत. दहा पानांपर्यंत तीन दिवसांत. त्याहून मोठे काम असल्यास कागद पाहून दिवस सांगेन. हाताने लिहिलेला कागद असल्यास एक दिवस जास्त.*
*भाषांतर मुळाबरहुकूम असल्याचे माझ्या सही-तारखेचे निवेदन सोबत मिळेल. नोटरी लागत असल्यास ती आपली आपण करून घ्यावी.*
*मोडी आणि उर्दू कागद घेत नाही.*
*कामाचा नमुना सोबत जोडला आहे.*
*शिवरंजनी, नळदुर्ग.*

उर्दूची ओळ मुद्दाम घातली होती. आपल्याकडं निजामाच्या वेळचे जमिनीचे कागद अजून पेट्यांतून निघतात, आणि माणसं ते घेऊन शिकलेलं कुणीही दिसलं की त्याच्यापुढं उलगडतात. शेवटी स्वतःचं नाव आणि त्याखाली फोन नंबर लिहिताना तिला उगीच लाजल्यासारखं झालं. पण लिहिलं.

आता नमुना. इथं खरी पंचाईत आली. चौदा वर्षांचं काम लॅपटॉपमध्ये होतं, हजारो पानं, पण त्यातलं एकही पान दाखवायची मुभा नव्हती. एजन्सीच्या करारात तसं लिहिलेलं होतं, आणि तो करार मराठीत तिनंच केला होता. स्वतःकडं थेट आलेली कामं अकरा. त्यातले शाळेचे दाखले सात. दाखल्यात असतं काय? नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली. असलं काम कुणालाही जमेल, असं तिला वाटलं. बघणाऱ्यानं थांबून म्हणावं की बाई, ही काय लिहिते, असं एकच पान होतं. गिरिजाबाईंच्या मृत्युपत्राचं.

गिरिजाबाई जळकोटच्या. वय चौऱ्याहत्तर, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा अमरसिंह आणि सून यांच्याबरोबर राहतात, म्हणजे एका छपराखाली राहतात. चार महिन्यांपूर्वी त्या एकट्याच एसटीनं आल्या होत्या आणि पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला होता. त्यांच्या स्वतःच्या नावावरची तीन एकर जमीन त्यांनी आपल्या पश्चात मुलीला, राजेश्वरीला लिहून दिली होती. राजेश्वरी हैदराबादेत दिलेली. तिकडच्या वकिलाला मराठी येत नाही, म्हणून कागद इंग्रजीत हवा होता. "माज्या पोराला ह्यातलं काय म्हाईत न्हाय," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. काम झालं, पण बाईंचं येणं थांबलं नाही. बाजाराच्या दिवशी त्या नळदुर्गला येत आणि परतीच्या गाडीला वेळ आहे म्हणून शिवरंजनीकडं बसत. अर्धा तास. चहा घेत, गुडघ्याबद्दल सांगत, कधी काहीच सांगत नसत. आई गेल्यापासून त्या घरात कपबशीची जोडी निघायची ती तेवढीच.

त्या मृत्युपत्रात जमिनीचं वर्णन होतं आणि ते शिवरंजनीला फार आवडलं होतं. पूर्वेस ओढा. पश्चिमेस जुन्या दगडी पुलाकडे जाणारी गाडीवाट. दक्षिणेस गावची शीव. उत्तरेस बांधावरील दोन जोडचिंचा व सामाईक विहीर, आणि त्या विहिरीच्या पाण्याची आठवड्यातून दोन दिवसांची पाळी. पाण्याची पाळी इंग्रजीत कशी सांगायची यावर तिनं एक दुपार घालवली होती. हैदराबादच्या वकिलाला ती विहीर डोळ्यांपुढं दिसली पाहिजे आणि हक्कही नीट कळला पाहिजे, असं वाक्य शेवटी जमलं होतं. कुणी वाचून शाबास म्हणेल असं तिथं कुणी नव्हतं. तिनं स्वतःच दोनदा वाचलं होतं.

तेच पान तिनं घेतलं. डावीकडं मराठी, उजवीकडं इंग्रजी. गिरिजाबाईंचं नाव काळ्या पट्टीखाली झाकलं. मुलीचं नाव झाकलं. गट नंबर झाकला, गावाचं नाव झाकलं, विहिरीतल्या दुसऱ्या भागीदाराचं, साक्षीदारांचं, सगळी नावं झाकली. एजन्सीत असंच करायचे. नाव आणि नंबर झाकला की कागद कुणाचाच राहत नाही, असं तिला चौदा वर्षं शिकवलं होतं. चतुःसीमा झाकायचं तिच्या मनातही आलं नाही. तीच तर दाखवायची होती. गिरिजाबाईंना विचारावं असं एकदा मनात आलं, पण बाजाराला अजून तीन दिवस होते आणि तीन दिवस थांबायचा धीर तिच्यात उरला नव्हता. हे मात्र तिचं सरळ चुकलं.

सकाळी दहाला तिनं पोस्ट टाकली. नंदीशनं ती सगळ्या ग्रुपांत ढकलली.

साडेअकराला फोन वाजला आणि ती इतक्या घाईनं उठली की खुर्ची मागं पडली.

"शिवरंजनीताई का? म्या महालिंगप्पा बोलतोय, जळकोटहून."

"हो, बोला ना. कुठला कागद आहे?"

"कागद न्हाय. ते तुमी टाकलेलं बघितलं. ते जोडचिंचेचं रान गिरिजाबाईचंच न्हवं?"

शिवरंजनीनं पडलेली खुर्ची उचलून सरळ केली.

"त्या हिरीत माजी पाच दिवसांची पाळी हाय, ताई," महालिंगप्पा समजावून सांगितल्यासारखं म्हणाला. "दोन दिवसांची बाईची. अशी हीर ह्या भागात दुसरी न्हाय. म्हंजी आता ती पाळी पोरीकडं जाणार म्हणा की. तिचा नवरा रान कसणार का इकणार? तसं काय लिवलंय का म्होरं? तुमी पयलंच पान टाकलंय."

तिनं फोन ठेवला आणि पोस्ट पुन्हा उघडून बघितली. काळ्या पट्ट्या सुबक दिसत होत्या. आणि त्यांच्या मधोमध गिरिजाबाईंचं शेत उघडं पडलेलं होतं, ओढ्यासकट, चिंचांसकट. खाली 'माझ्या पश्चात माझी मुलगी' हे शब्दही तसेच होते. आपल्याकडं शेत नंबरानं कोण ओळखतं? नंबर तलाठ्याला. माणसं शेत ओळखतात ती शेजारावरून, झाडावरून, पाण्यावरून. पुण्यातल्या टेबलावर जे झाकणं पुरेसं होतं ते इथं काहीच नव्हतं. जळकोटच्या शेंबड्या पोरालाही ते पान कुणाचं हे कळलं असतं. तिलाच तेवढं कळलं नव्हतं, कारण तिच्यासाठी ते शेत नव्हतं, एक छान जमलेलं वाक्य होतं.

तिनं पोस्ट काढून टाकली. नंदीशला फोन करून सगळीकडून काढायला सांगितली.

"काढतो, पर लोकांनी फोटू काढून म्होरं ढकलल्यात," तो म्हणाला.

त्या दिवशी तिला सतरा फोन आले. वर्षभरात एवढे येत नसतील. एकानंही कामाचं विचारलं नाही. कुणी अमरसिंहाचा मित्र, कुणी भावकीतला, एक तर नुसताच उत्सुक. सगळ्यांना पुढचं पान हवं होतं. तिचं नाव आणि नंबर खाली ठळक लिहिलेला होता, त्याचा असा उपयोग झाला. बाराव्या फोनपर्यंत ती 'मला काही सांगता येणार नाही' असं म्हणत राहिली, त्यानंतर उचलायचंच सोडलं. गिरिजाबाईंचा फोन आला नाही. त्यांच्याकडं फोन होता, पण तो त्यांना फक्त उचलता यायचा. तिनं दोनदा लावला. दोन्ही वेळा अमरसिंहानं उचलला आणि फार गोड आवाजात सांगितलं की आई पडलीय जरा, उठली की सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून ती जळकोटला गेली. सगळी वाट ती काय बोलायचं ते जुळवत होती. मराठीत जुळवलं, ते सरकारी वाटलं. मग कानडीत जुळवलं, ते आईशी बोलल्यासारखं झालं आणि तिला खिडकीबाहेर बघावं लागलं. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "कुणी गेलं का काय?" ती म्हणाली, "नाही."

घर हमरस्त्यापासून आत होतं. ओसरीवर गिरिजाबाई बसल्या होत्या. त्यांच्या पाठीला नवीन लोड होता, पायाखाली चवाळं घातलेलं. बाजूला ताक भरलेला पेला, त्यावर झाकण. सून दारात उभी होती, ती लगेच पुढं आली. "या ताई, बसा की. अत्या, कोण आलंय बघा. च्या टाकते." असं बोलून ती आत गेली, पण दार तिनं ओढून घेतलं नाही.

शिवरंजनी खाली बसली. जुळवलेलं सगळं गेलं.

"मावशी, माझ्या हातून चूक झाली," ती म्हणाली. "तुमचा कागद मी लोकांना दाखवला. नावं झाकली होती. मला वाटलं, कळणार नाही. तुम्हाला विचारलं नाही. माफी मागायलाही तोंड नाही मला."

गिरिजाबाईंनी तिच्याकडं बघितलं. रागावल्यासारखं त्यांचं तोंड दिसत नव्हतं. थकल्यासारखं दिसत होतं.

"काल दुपारपातूर म्या ह्या घरात भिताडासारखी होते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जेवलीस का म्हणून कुणी इचारत न्हवतं. त्याचं मला काय न्हवतं. सवय झाली हुती. काल दुपारी पोरगा रानातून पळत आला. मला वाटलं, आता भांडंल. तर पाय दाबाया बसला. बारा वर्सांत हात लावला न्हवता त्यानं माज्या पायाला. सुनंनं सांच्याला गरम पाणी दिलं. लोड आणला. रातच्याला पोरगा म्हणला, आय, तुला काय खावं वाटतंय?"

आत कपबशांचा आवाज होत होता, तो थांबला.

"आता ही माया खरी का कागदाची, म्या कसं वळखायचं? आदी मला ठावं हुतं. आदी न्हवतीच."

शिवरंजनीला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही.

"राजेश्वरीचा फोन आला," गिरिजाबाई पुढं म्हणाल्या. "ती बी रडली. म्हणती, आय, मला रान नको, माजं माहेर तुटंल. म्या तिला म्हणलं, तुजं माहेर म्हंजी मीच की गं. तर गप बसली. आता ती बी काय बोलली तर मला त्यात रान दिसतंय. महालिंगप्पा हाळी घालून गेला सकाळी. तब्येत इचारली. पाच वर्सांत पयल्यांदा."

"मावशी, मी सगळ्यांना सांगते, तो कागद तुमचा नव्हताच. नुसता नमुना म्हणून रचला होता, असं म्हणते."

"लबाड बोलशील?" गिरिजाबाई म्हणाल्या. "आन् चिंचा कुठं लपवशील?"

सून चहा घेऊन आली, दोन कप ठेवले आणि विनाकारण पदर सारखा करत उभी राहिली. "अत्या, साखर बेताचीच घातलीया हं, तुमाला चालती तशी," असं म्हणाली. गिरिजाबाईंनी मान डोलावली. ती आत गेल्यावर त्यांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"तुला एक सांगू? राग नको धरूस," त्या म्हणाल्या. "जळकोटात कागद लिवणारी मानसं हायत. तुळजापुरात वकील हायत, त्यास्नी विंग्रजी येतं. म्या तुज्याकडंच का आले, म्हाईत हाय?"

"काम चांगलं करते म्हणून?" शिवरंजनीनं विचारलं, आणि विचारतानाच तिला ते पोरकट वाटलं.

"तुजं काम मला काय कळतंय, पोरी? इचारलं म्या लोकांस्नी. म्हणले, ती बाई एकटी ऱ्हाते, तिचं कुणाकडं येनं न्हाय, जानं न्हाय. मला वाटलं, बरं झालं. हिला सांगाया कुणी न्हाय. हिच्यापशी ऱ्हाईल."

हे लागलं. महालिंगप्पाच्या फोननं, एजन्सीच्या मेलनंही एवढं लागलं नव्हतं. इतके दिवस तिला वाटत होतं की निदान एक माणूस तिच्याकडं तिच्यासाठी येतं. ते माणूसही तिच्या एकटेपणाची खातरजमा करून आलं होतं. पण खोटं त्यात काही नव्हतं, आणि तिलाही आता खोटं बोलायचं नव्हतं.

"खरंच मला कुणी नाही, मावशी," ती म्हणाली. "म्हणूनच टाकलं मी ते. चौदा वर्षं लिहिलं, कुणी बघितलं नाही. ते एक पान चांगलं झालं होतं. कुणीतरी बघावं असं वाटलं. ते तुमच्या जिवावर बेतेल, एवढं मात्र मला कळलं नाही."

गिरिजाबाईंनी थंड झालेला चहा दोन घोटांत संपवला.

"काय लिवलंयस त्या पानात, मला तरी कुठं कळलं," त्या म्हणाल्या. "चिंचांचं काय लिवलंयस?"

शिवरंजनीनं सांगितलं. आधी इंग्रजी वाक्य जसंच्या तसं म्हटलं, मग त्याचा अर्थ. दोन चिंचा, एकमेकींना चिकटून वाढलेल्या. सामाईक विहीर. आठवड्यातून दोन दिवस पाणी. ज्या दिवशी पाळी त्या दिवशी दुसऱ्यानं मोट वा मोटार चालवू नये. गिरिजाबाई मान कलती करून ऐकत होत्या. इंग्रजी संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, "एवढं लांब?" आणि ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसल्या. ते हसू फार टिकलं नाही.

तेवढ्यात अमरसिंह रानातून आला. हातपाय न धुता तो आधी आईपाशी आला, लोड सारखा केला आणि म्हणाला, "आय, उन्हं आली हितं. आत बसतीस का? म्या धरू का हात?" त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. कदाचित ते खरंही असेल. शिवरंजनीनं गिरिजाबाईंच्या तोंडाकडं बघितलं. बाई मुलाकडं बघत होत्या, बाजारात ओळख नसलेल्या व्यापाऱ्याचा माल बघावा तशा.

"बसते जरा. तू जेव जा," त्या म्हणाल्या.

तो आत गेला. शिवरंजनी उठली. परतीच्या एसटीची वेळ झाली होती. पुन्हा यायला सांगायचं तोंड तिला नव्हतं, म्हणून तिनं नुसते हात जोडले आणि पायरी उतरली.

"रंजने," मागून हाक आली. गिरिजाबाई लोड सोडून पुढं सरकल्या होत्या. आतलं कुणी ऐकतंय की नाही याची त्यांनी पर्वा केली नाही.

"आता मला एकटीला बाजाराला कोण सोडतंय? आता जीप करून धाडतील, संगं कुणीतरी बसंल. तवा तूच येत जा हिकडं."

"मी, मावशी? एवढं होऊन?"

"मग कुणाला बलावू?" गिरिजाबाई म्हणाल्या. "ज्याला ज्याला म्या माजं म्हणत हुते, त्या समद्यास्नी आता माज्याकडनं कायतरी पायजे. रान नको असलेलं मानूस तूच एक ऱ्हायलीस."